जमिनीवर नसलेला घट आणि षड्दर्शनांचा तक्ता

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी भारतीय तत्त्वज्ञान शिकवत असे, तेव्हा परीक्षेआधीच्या उजळणीत एक काम ठरलेले असे. फळ्यावर आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि सहा दर्शने त्या चौकटींत बसवायची. डाव्या बाजूला नावे: न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त. वर मथळे: प्रवर्तक, मूळ ग्रंथ, प्रमाणे किती, ईश्वर मानतात की नाही, मोक्ष म्हणजे काय. मुले तो तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत. एका पानात अख्खा पेपर मावला याचे समाधान त्यांना असे आणि मलाही असे.

त्या तक्त्यातल्या एका चौकटीने मला अडवले, त्याची ही हकिगत. चौकट अगदी साधी होती. आडवी ओळ मीमांसेची, उभा रकाना प्रमाणांचा, आणि त्यात मी लिहिलेला आकडा ६.

वर्गातल्या चाचणीत प्रश्न होता, कोणते दर्शन किती प्रमाणे मानते ते लिहा. एका मुलीने मीमांसेपुढे ‘पाच किंवा सहा’ असे लिहिले. मी एक गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातले पुस्तक घेऊन आली.

“सर, गुणाचं काही नाही,” ती म्हणाली. “पण यात प्रभाकर पाच म्हणतो आणि कुमारिल सहा म्हणतो. दोघेही मीमांसकच. मग पाच म्हणणाऱ्यानं सहावं सोडलं का? की त्याला ते सापडलंच नाही?”

मी सांगितले की सहावे प्रमाण म्हणजे अनुपलब्धी, वस्तू न आढळणे. त्याने वस्तूचा अभाव कळतो. प्रभाकर ते मानत नाही.

“पण नसणं कळायला वेगळं साधन कशाला लागतं? बघितलं, नाही दिसलं, झालं.”

दोघांचे आकडे वेगळे आहेत हे मला ठाऊक होते. तक्त्यात जागा नाही म्हणून मी मोठा आकडा ठेवला होता. पण आकडे वेगळे का, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते. आणि तिने वैतागून जे म्हटले, ‘बघितलं, नाही दिसलं, झालं’, ते तर सहा उत्तरांपैकी एक उत्तर होते.

सहाच का?

प्रमाणांकडे वळण्यापूर्वी तक्त्याच्या डाव्या बाजूविषयी थोडे सांगायला हवे, कारण पहिली गफलत तिथेच होते. ही सहा नावे कोणी एका दिवशी एकत्र बसून ठरवलेली नाहीत. आठव्या शतकातला जैन आचार्य हरिभद्र याचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ नावाचा छोटा पद्यग्रंथ आहे. नाव षड्दर्शनांचे, पण त्यातली सहा दर्शने आहेत बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि मीमांसा. वेदान्ताला त्यात स्वतंत्र जागा नाही. शिवाय हरिभद्र पुढे म्हणतो की काही जण न्याय आणि वैशेषिक एकच मानतात. त्यांच्या हिशेबी पाचच उरतात, म्हणून सहाचा आकडा भरायला लोकायत, म्हणजे चार्वाकमत, घ्यावे. आकडा आधीच पक्का होता आणि नावे त्यात बसवली जात होती. चौदाव्या शतकातल्या माधवाच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त सोळा दर्शनांचा परामर्श आहे. आपण शिकवतो ती वेदप्रामाण्य मानणाऱ्यांची सहाची यादी अभ्यासक्रमात घट्ट बसण्यामागे माक्स म्युलर यांच्या १८९९ सालच्या सहा दर्शनांवरील इंग्रजी ग्रंथासारख्या पुस्तकांचाही हात आहे.

हे सांगण्याचे कारण इतकेच, की तक्त्यातली प्रत्येक ओळ एकसंध संस्था नाही. ओळीच्या आत दोन दोन घरे आहेत, आणि काही ठिकाणी दोन ओळी मिळून एकच घर झाले आहे. मीमांसेच्या ओळीत कुमारिल आणि प्रभाकर ही दोन घरे आहेत. वेदान्ताच्या ओळीत तर अद्वैत, विशिष्टाद्वैत, द्वैत अशी अनेक. उलट न्याय आणि वैशेषिक ही पुढे इतकी जवळ आली की अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त पदार्थ वैशेषिकांचे आणि प्रमाणे न्यायाची, असा एकत्र संसार आहे. हे पुस्तक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाठ केले गेले. आथल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती मुंबईत १८९७ साली निघाली. ज्याने फक्त तर्कसंग्रह वाचला आहे तो वैशेषिकांपुढे ‘चार प्रमाणे’ असे लिहितो. प्रशस्तपादाचे जुने भाष्य वाचणारा ‘दोन’ लिहितो. दोघेही वाचलेलेच लिहितात.

प्रमाणांचा रकाना

प्रमाण म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याचे साधन. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी कळणे. अनुमान म्हणजे धुरावरून अग्नी ओळखणे. शब्द म्हणजे विश्वासार्ह वचनावरून कळणे. उपमान म्हणजे साम्यावरून कळणे: गवा गायीसारखा असतो असे ऐकलेल्याला रानात तसे जनावर दिसले, की हाच तो गवा हे कळते. अर्थापत्तीचे परंपरेतले उदाहरण लठ्ठ देवदत्ताचे. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठच आहे, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. असे धरल्याशिवाय दोन्ही गोष्टींचा मेळ बसत नाही. आणि सहावी ही अनुपलब्धी.

विद्यार्थी हा रकाना चढत्या शिडीसारखा पाठ करतात: वैशेषिक दोन, सांख्य आणि योग तीन, न्याय चार, प्रभाकर पाच, कुमारिल आणि अद्वैत सहा. पाठ करायला ही शिडी सोयीची आहे, पण तिच्यामुळे असा समज होतो की वरच्या पायरीवरच्याला जास्त गोष्टी कळतात आणि खालच्याला कमी. तसे नाही. अर्थापत्ती न मानणारा नैयायिकही देवदत्त रात्री जेवतो हे जाणतोच. त्याच्या मते ते अनुमानच आहे, त्यासाठी निराळे खाते उघडायला नको. म्हणून आकडा वाचताना ‘यांना किती गोष्टी कळतात’ असे न विचारता ‘जे कळते ते यांनी कोणत्या खात्यावर मांडले आहे’ असे विचारावे.

पण अनुपलब्धीच्या बाबतीत प्रश्न खात्यापुरता राहत नाही. तिथे ज्या वस्तूची नोंद करायची ती वस्तू आहे की नाही, यावरच वाद आहे. ‘जमिनीवर घट नाही’ हे परंपरेतले ठरलेले उदाहरण आहे. त्या मुलीसमोर मी टेबलावरचा डस्टर बाजूला केला आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारले, ‘इथे डस्टर नाही हे तुला कशाने कळले?’ तिथून पुढे आम्ही एकेका ओळीला तो प्रश्न विचारत गेलो. इथे मी जुना घटच ठेवतो.

एक घट, सहा ओळी

पहिली ओळ न्यायाची. उद्योतकरापासूनच्या नैयायिकांचे म्हणणे असे की घटाचा अभाव डोळ्यांनीच दिसतो. अर्थात अभावाला रंग नाही, आकार नाही, मग डोळ्याचा त्याच्याशी संबंध कसा येणार? त्यांचे उत्तर असे, की डोळ्याचा संबंध जमिनीशी येतो आणि अभाव हे त्या जमिनीचे विशेषण आहे. ‘घटाभाव असलेली जमीन’ असे एकत्र दिसते. विशेष्याशी संबंध आला की त्याच्यामार्फत विशेषणाशीही येतो. म्हणजे अभाव ही खरी गोष्ट, आणि ती प्रत्यक्षाने कळते. ‘बघितलं, नाही दिसलं, झालं’ हे इथे बसते.

यावर कुमारिलाचा आक्षेप आहे, आणि तो मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. सातव्या शतकातल्या या मीमांसकाच्या ‘श्लोकवार्तिका’त अभावावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत आणि माझ्या उदाहरणाने सांगतो. सकाळी तुम्ही ग्रंथालयात बसला होता. टेबल पाहिले, पुस्तक वाचले, घरी आलात. दुपारी कोणी विचारले, ‘त्या टेबलावर माझी छत्री होती का?’ सकाळी छत्रीचा विचारही तुमच्या मनात नव्हता. आता तुम्ही टेबल आठवता आणि म्हणता, ‘नव्हती.’ छत्री नसल्याचे ज्ञान तुम्हाला दुपारी, घरी बसल्यावर झाले. त्या वेळी डोळ्यांसमोर ना टेबल होते ना ग्रंथालय. मग हे ज्ञान डोळ्यांनी झाले असे कसे म्हणणार? सकाळी झालेल्या ज्ञानाची ही आठवण आहे असेही म्हणता येत नाही, कारण सकाळी छत्रीचा विषयच नव्हता. म्हणून कुमारिल म्हणतो की इंद्रियांनी जागा कळते, पण तिथले नसणे कळते ते वस्तू न आढळण्यामुळे. ते न आढळणे हेच सहावे प्रमाण.

नैयायिक इथे गप्प बसत नाही. त्याच्या बाजूने असे म्हणता येते, की दुपारचे ज्ञान म्हणजे अनुमान: छत्री असती तर आठवली असती, आठवत नाही, म्हणून नव्हती. पण मग ‘न आठवणे’ हे तरी कशाने कळले, असा उलट प्रश्न येतो. कारण न आठवणे हाही अभावच. हा वाद इथे संपत नाही, आणि विद्यार्थ्याने तो संपवण्याची गरजही नाही. आकडा चार आणि सहा का होतो, ते इथवर येऊन कळते.

मात्र कुमारिलाच्या उत्तराला एक अट आहे. ती विसरली की हे प्रमाण हास्यास्पद होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. न आढळणे तेव्हाच प्रमाण, जेव्हा वस्तू असती तर ती नक्की आढळली असती. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. योग्य म्हणजे आढळण्याजोगी. पुण्य किंवा पाप डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नाही, असे या प्रमाणाने म्हणता येत नाही, कारण ते दिसण्याजोगे नाहीच. उत्तरपत्रिकेत ‘अनुपलब्धी म्हणजे वस्तू न दिसणे’ एवढेच लिहिले असेल, तर विद्यार्थ्याला नाव कळले आहे आणि अर्थ कळलेला नाही, असे मी धरत आलो. ‘असती तर दिसली असती’ हे चार शब्द आले की पूर्ण गुण.

त्याच मीमांसेच्या ओळीतले दुसरे घर प्रभाकराचे. तो म्हणतो, रिकामी जमीन पाहिली आणि त्या ज्ञानात फक्त जमीन आहे. ‘घटाचा अभाव’ नावाची आणखी एक वस्तू त्या जमिनीवर बसलेली नाही. नुसत्या जमिनीच्या ज्ञानालाच आपण, घटाची आठवण ठेवून, ‘घट नाही’ असे म्हणतो. वस्तूच नाही, मग तिच्यासाठी प्रमाण कशाला? त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. प्रभाकराला सहावे प्रमाण सापडले नाही असे नाही, आणि त्याने ते विसरून सोडले असेही नाही. ज्यासाठी ते लागले असते ती वस्तूच त्याच्या जगात नाही. त्याच्या पाच या आकड्यात जगाविषयीचे एक मत दडलेले आहे.

सांख्यांची ओळ तीन प्रमाणांची. वाचस्पती मिश्राने सांख्यकारिकांवरील ‘तत्त्वकौमुदी’त या प्रश्नाला उत्तर दिले आहे. सांख्यमतात पुरुष, म्हणजे चैतन्य, सोडून सारे काही क्षणोक्षणी बदलत असते. घट उचलला की जमिनीचीही अवस्था बदलली. आधी ती घटासह होती, आता एकटी आहे. हे एकटेपण जमिनीचाच एक परिणाम आहे, आणि ते डोळ्यांना दिसते. म्हणजे साधन प्रत्यक्षच, न्यायासारखे. पण दिसते ती जमिनीची अवस्था, अभाव नावाचा निराळा पदार्थ नव्हे. प्रमाणाच्या बाबतीत सांख्य नैयायिकाच्या शेजारी बसतो आणि वस्तूच्या बाबतीत प्रभाकराच्या. योगाचीही प्रमाणे तीच तीन, आणि त्याची जगाची मांडणीही याबाबत सांख्यांचीच.

वैशेषिकांची ओळ कालानुसार दुभंगते. प्रशस्तपादाकडे पदार्थ सहा: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. प्रमाणे दोन, आणि अभावाचे ज्ञान तो अनुमानात घालतो. कार्य झालेले दिसले की त्याचे कारण होते असे आपण ताडतो; तसेच कार्य झाले नाही, यावरून कारण नव्हते असे ताडतो. पुढे अभाव हा सातवा पदार्थ म्हणून यादीत येतो. शिवादित्याच्या ग्रंथाचे नावच ‘सप्तपदार्थी’ आहे. त्यामुळे ‘वैशेषिक पदार्थ किती मानतात’ या प्रश्नाला सहा आणि सात ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त कोणत्या काळचे वैशेषिक ते सांगायला हवे.

शेवटची ओळ वेदान्ताची. अद्वैत व्यवहारापुरती कुमारिलाचीच सहा प्रमाणे घेते; धर्मराज अध्वरीन्द्राच्या ‘वेदान्तपरिभाषे’त अनुपलब्धीवर वेगळे प्रकरण आहे. पण रामानुज आणि मध्व यांच्या परंपरांत प्रमाणे तीनच: प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. माझ्या जुन्या तक्त्यात वेदान्तापुढेही नुसता ६ होता. म्हणजे एकाच रकान्यात मी दोनदा चुकलो होतो आणि पकडला गेलो होतो एकदाच.

आकड्यामागचे कारण

आता प्रश्न असा, की घट नसण्यासारख्या किरकोळ गोष्टीवर या मंडळींनी एवढे रक्त का आटवले? याचे उत्तर मला त्याच तक्त्यात, एक रकाना सोडून, मोक्षाच्या मथळ्याखाली मिळाले. न्यायसूत्रांत मोक्ष म्हणजे दुःखापासून कायमची पूर्ण सुटका. त्यात आनंदाची भर नाही. दुःख संपले, इतकेच. म्हणजे न्यायाचा मोक्षच एक अभाव आहे. अभाव ही खरी वस्तू नसेल तर ज्यासाठी सारी खटपट करायची ते साध्यच हातातून निसटते. नैयायिकाला अभाव जगात ठेवणे भागच आहे.

अद्वैताची गरज वेगळी. दोरीवर साप दिसतो तेव्हा त्या दोरीवर साप कधीच नव्हता, आजही नाही, पुढेही नसेल. जिथे जे भासते तिथेच त्याचा तिन्ही काळी अभाव असणे, ही अद्वैतातली मिथ्यात्वाची एक प्रसिद्ध व्याख्या आहे. जग मिथ्या म्हणायचे तर ‘नाही’ या शब्दाचा हिशेब चोख हवा.

आणि कुमारिलाचे काय? मीमांसकाला वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला, आहे हे राखायचे असते. त्यासाठीचा एक युक्तिवाद असा: वेदाचा कर्ता कोणी असता तर गुरुशिष्यांच्या अखंड परंपरेने त्याचे नाव जपले असते, तसे कोणाचे नाव कोणाला आठवत नाही, म्हणून कर्ता नाही. तो युक्तिवाद पटो वा न पटो, त्याचा साचा पाहा. ‘असता तर आढळला असता’ हाच तो साचा आहे, छत्रीच्या उदाहरणातला. ज्याला एवढी मोठी गोष्ट एका न आठवण्यावर तोलायची आहे, तो न आढळण्याच्या अटी बारकाईने तपासणारच.

सांख्याला यातले काही लागत नाही. त्याच्याकडे मुक्ती म्हणजे पुरुष आणि प्रकृती वेगळे आहेत हे कळून पुरुषाने एकटे उरणे. त्यासाठीचा शब्द कैवल्य, आणि रिकाम्या जमिनीच्या एकटेपणालाही वाचस्पती हाच शब्द वापरतो. घट उचललेल्या जमिनीचे वर्णन करतानाही सांख्य आपल्याच घरची भाषा बोलतो.

या वाचस्पतीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवव्या-दहाव्या शतकातला हा मिथिलेचा पंडित. सांख्यावर त्याची ‘तत्त्वकौमुदी’, योगभाष्यावर ‘तत्त्ववैशारदी’, न्यायावर ‘तात्पर्यटीका’, मीमांसेवर ‘न्यायकणिका’, आणि शांकरभाष्यावर ‘भामती’. आमच्या तक्त्याच्या सहापैकी पाच ओळींत एकच माणूस बसला आहे. सांख्याची टीका लिहिताना तो सांगतो की घटाभाव म्हणजे जमिनीची अवस्था, वेगळे काही नाही. न्यायाची टीका लिहिताना तोच माणूस नैयायिकांची बाजू लढवतो, आणि त्या घरात अभाव ही खरी, दिसणारी गोष्ट आहे. हे सांगितल्यावर वर्गात कोणीतरी हमखास विचारते, ‘मग त्याचं स्वतःचं मत कोणतं?’ मला वाटते, ज्या ओळीत बसून तो लिहितो त्या ओळीतल्या बाकीच्या गोष्टींशी जे उत्तर जुळते तेच तो देतो. दुसऱ्या ओळीतले उत्तर उचलून इथे चिकटवत नाही.

तक्ता कसा वाचावा हे मी त्याच्याकडून शिकलो. उभा रकाना वाचला की आकड्यांची तुलना होते आणि हाती शिडी येते. आडवी ओळ वाचली की एकेका आकड्याचे कारण शेजारच्या चौकटीत सापडते.

दुरुस्त केलेला तक्ता

पुढच्या वर्षापासून मी तक्ता बदलला. प्रवर्तकांचा रकाना काढला, कारण तो मुलांना तसाही येतो. त्या जागी घटाचा प्रश्न घातला. ओळी सहाच्या आठ झाल्या.

| दर्शन | प्रमाणे | ‘घट नाही’ हे कशाने कळते? | अभाव निराळा पदार्थ? |
|---|---|---|---|
| न्याय | ४ | प्रत्यक्षाने, जमिनीचे विशेषण म्हणून | होय |
| वैशेषिक (प्रशस्तपाद) | २ | अनुमानाने | सहा पदार्थांत नाही. पुढे सातवा |
| सांख्य, योग | ३ | प्रत्यक्षाने, जमिनीची अवस्था म्हणून | नाही |
| मीमांसा (कुमारिल) | ६ | अनुपलब्धीने | होय |
| मीमांसा (प्रभाकर) | ५ | नुसत्या जमिनीच्या ज्ञानाने | नाही |
| अद्वैत वेदान्त | ६ | अनुपलब्धीने | व्यवहारात होय |
| विशिष्टाद्वैत | ३ | अनुपलब्धी वेगळी नाही. प्रत्यक्षादी तिघांतच | नाही |
| द्वैत | ३ | अनुपलब्धी वेगळी नाही. प्रत्यक्षादी तिघांतच | होय |

हाही तक्ताच आहे, आणि त्यालाही मर्यादा आहेत. ‘सांख्य, योग’ एका ओळीत घालून मी पुन्हा दोन घरांचे एक केले आहे. ईश्वराचा रकाना असता तर ते चालले नसते, कारण योगसूत्रांत ईश्वर आहे आणि सांख्यकारिकांत त्याला स्थान नाही. न्यायाच्या ओळीत उद्योतकराच्या आधीचा आणि नंतरचा न्याय वेगळा दाखवलेला नाही. सूत्रांत ‘अभाव’ या नावाने येणारे प्रमाण अनुमानात समाविष्ट केले आहे. चौकट जेवढी लहान तेवढे काही तरी बाहेर राहणारच. म्हणून मी मुलांना एक सवय लावत असे. तक्त्यातला कोणताही आकडा लिहिला की त्याच्यापुढे कंसात एक नाव लिहायचे: कोणाच्या मते? नाव सुचत नसेल तर तो आकडा आपल्याला अजून कळलेला नाही असे समजायचे.

त्या मुलीने ‘पाच किंवा सहा’ लिहिले होते, पण कंसात नावे लिहिली नव्हती. ती लिहिली असती तर मी गुण कापला नसता, अशी माझी समजूत मी बरेच दिवस करून घेतली. पण ती खरी नाही. माझ्याकडच्या उत्तरसूचीत ६ होता आणि मी पेपर त्या सूचीवरून तपासत होतो. नावे असती तरी मी गुण कापलाच असता, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

तो गुण मी तिला त्याच आठवड्यात वाढवून दिला. चाचणीच्या नोंदवहीत एका नावापुढे आकडा खोडून नवा लिहिलेला आहे आणि शेजारी माझी छोटी सही आहे.